एकच बिल दोनदा गेलं का? बल्क पेमेंट रिपोर्टमधून डबल पेमेंट शोधायच्या तीन चाळण्या

गोंदियाच्या बॅचमध्ये एका राईस मिलवाल्या भाऊंनी प्रश्न विचारला होता. "सर, सीझनमध्ये आम्ही रोज बँकेत बल्क फाईल टाकतो. बारदानावाला, ट्रान्सपोर्टवाला, रबर रोलवाला, मोटर रिवाइंडिंगवाला, सगळ्यांचे पैसे एकदमच जातात. एखाद्याला दोनदा गेले असतील तर कळणार कसं? पार्टी तर स्वतःहून सांगणार नाही." त्यांच्या मनात मुनीमजींबद्दल शंकाही होती, हे बोलण्यातून जाणवत होतं. म्हणून व्हिडिओत जे करून दाखवलं, ते इथे सूत्रांसकट लिहून देतो. उदाहरण त्याच धर्तीचं आहे, आकडे मात्र सरावासाठी बदलले आहेत.

आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे धानाची आवक, मिल दिवसरात्र चालू. समजा या तीन महिन्यांच्या रिपोर्टमध्ये 412 ओळी आहेत. म्हणजे मथळ्याची ओळ सोडून डेटा 2 ते 413 या ओळींत आहे. कॉलम असे: A तारीख, B पार्टीचं नाव, C बिल नंबर, D रक्कम, E खाते क्रमांक, F आयएफएससी, G यूटीआर, H स्टेटस. तुमच्या बँकेचा क्रम वेगळा असेल तर सूत्रातली अक्षरं बदला.

आधी फाईल नीट उघडा

बँकेची सीएसव्ही फाईल डबल क्लिक करून उघडू नका. निम्म्या चुका इथेच होतात. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले 15 अंक खरे ठेवतो. खाते क्रमांक 16 अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. सुरुवातीची शून्यं उडून जातात. बिल नंबर 11-12 असेल तर त्याची 11 डिसेंबर ही तारीख होते! अशी फाईल एकदा सेव्ह झाली की मूळ नंबर परत येत नाही, बँकेतून पुन्हा डाउनलोड करावी लागते.

म्हणून रिकामी एक्सेल फाईल उघडा, Data मध्ये From Text/CSV निवडा आणि Transform Data वर जा. तिथे बिल नंबर आणि खाते क्रमांक या दोन्ही कॉलमचा प्रकार Text करा. विचारलं तर Replace current म्हणा. मग Close & Load.

आता बिल नंबर एकसारखे करायचे. एकच बिल कोणी BR/147 लिहितो, कोणी BR-147, कोणी br 147. I कॉलममध्ये हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(C2),"/",""),"-","")," ","")
```

तिन्हींचं BR147 होईल. मूळ C कॉलमला हात लावायचा नाही, नंतर बिल शोधताना तोच लागतो.

पहिली चाळणी: तेच खातं, तेच बिल

J कॉलममध्ये:

```
=SUMPRODUCT(($E$2:$E$413=E2)*($I$2:$I$413=I2))
```

उत्तर 1 आलं तर ओळ एकटी आहे. 2 किंवा जास्त आलं तर तेच बिल त्याच खात्यावर पुन्हा गेलेलं दिसतंय. ज्या ओळीत बिल नंबरच भरलेला नाही, ती इथे आपसात जुळलेली दिसेल. तशा ओळी बाजूला काढून दुसऱ्या चाळणीतून बघा.

बरेच जण विचारतात, सर COUNTIFS का नाही? कारण COUNTIFS आकड्यासारखा दिसणारा मजकूर आकडा समजूनच मोजतो. मग 16 अंकी दोन वेगळ्या खात्यांचे पहिले 15 अंक सारखे असले की ती दोन्ही त्याला एकच वाटतात. SUMPRODUCT पूर्ण मजकूर जुळवून बघतो.

आणि नावावरून का जुळवायचं नाही? एनईएफटी असो की आरटीजीएस, पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. नाव तुमच्या यादीत कसंही लिहिलेलं असू शकतं. एकच पार्टी 'ट्रेडर्स' आणि 'ट्रेडिंग कं.' अशी दोनदा चढलेली असते.

आपल्या उदाहरणात या चाळणीत बारदानावाला सापडला. BR/147 चे 1,86,400 रुपये 14 नोव्हेंबरला गेले आणि BR-147 चे 1,86,400 रुपये 19 नोव्हेंबरला. भाऊ तर लगेच फोन लावायला निघाले. थांबा! आधी H कॉलम बघा. 14 तारखेचं स्टेटस रिटर्न आहे. आयएफएससी चुकला होता, म्हणून पैसे परत आले आणि 19 ला पुन्हा पाठवले. बँक स्टेटमेंटमध्ये 1,86,400 ची जमा नोंद सापडली, म्हणजे हे डबल पेमेंट नाहीच. पण फक्त स्टेटसवर विश्वास ठेवू नका. परत आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये प्रत्यक्ष दिसली पाहिजे.

जुळलेल्या जोडीत रकमा वेगळ्या असतील तर बहुतेक वेळा तो हप्ता असतो, अर्धे माल आल्यावर आणि अर्धे नंतर. तिथे दोन्ही रकमांची बेरीज बिलाच्या रकमेपेक्षा जास्त होते का, एवढंच बघायचं.

दुसरी चाळणी: तेच खातं, तीच रक्कम

बिल नंबर टाइप करणारा माणूस आहे, त्यामुळे नंबर वेगळा पडू शकतो. K कॉलममध्ये:

```
=SUMPRODUCT(($E$2:$E$413=E2)*(ABS($D$2:$D$413-D2)<=D2*0.025))
```

इथे रक्कम तंतोतंत न जुळवता अडीच टक्क्यांची मोकळीक दिली आहे. कारण टीडीएस. एकदा 50,000 पूर्ण गेले आणि दुसऱ्यांदा 1 टक्का कापून 49,500 गेले, तर तंतोतंत जुळवणी ती जोडी सोडून देईल.

या चाळणीत कचरा जास्त येतो. गोदामाचं भाडं दर महिन्याला तेच असतं, त्याच मार्गावरच्या ट्रकचं भाडं तेच असतं. असे ठरलेले व्यवहार आधी बाजूला काढा. उरलेल्यांत आपल्याला रबर रोलवाला सापडला: 28 नोव्हेंबरला 64,900 रुपये, बिल 2526/0318. 12 डिसेंबरला पुन्हा 64,900 रुपये, बिल 318. दोन्ही यशस्वी, दोन्हींचे यूटीआर वेगळे. पहिल्या चाळणीला 25260318 आणि 318 ही दोन वेगळी बिलं वाटली होती.

आता खात्री कशी करायची? दोन जागी बघा. एक, आवक रजिस्टर: रोल एकदाच आले की दोनदा? दुसरं, जीएसटीआर-2B: पार्टीने विक्री दाखवताना तिथे स्वतःचा खरा बिल नंबर टाकलेला असतो. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. आपल्या उदाहरणात 2B मध्ये 2526/0318 हे एकच बिल होतं आणि आवकही एकच. म्हणजे हे खरं डबल पेमेंट. झालं असं, की एकदा व्हॉट्सअॅपवर आलेल्या बिलाच्या फोटोवरून एंट्री झाली आणि पंधरा दिवसांनी पार्सलसोबत आलेल्या कागदी बिलावरून पुन्हा झाली.

तिसरी चाळणी: तेच बिल, तीच रक्कम, पण खातं वेगळं

ही बहुतेक जण करतच नाहीत. L कॉलममध्ये:

```
=SUMPRODUCT(($I$2:$I$413=I2)*($D$2:$D$413=D2)*($E$2:$E$413<>E2))
```

इथे उत्तर 0 हवं. 1 किंवा जास्त आलं तर बघा. बिल नंबर 12 आणि रक्कम 10,000 असा योगायोग दोन वेगळ्या पार्ट्यांमध्ये होऊ शकतो, तो सोडून द्या. एकच खातं एकदा पुढच्या शून्यांसह आणि एकदा शून्यांशिवाय लिहिलेलं असेल, तर तेही इथे पकडलं जातं.

आपल्याला इथे बालाघाटचा रिवाइंडिंगवाला मिळाला. बिल 77, रक्कम 38,500. एकदा दुकानाच्या नावाच्या खात्यावर, एकदा मालकाच्या नावाच्या खात्यावर. त्याने खातं बदललं होतं, पण यादीत जुनंही चालू राहिलं. इथे मात्र सावध राहा. नवीन खातं पार्टीनेच दिलं होतं का, हे तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. खातं बदलल्याचा मेसेज ज्या नंबरवरून आला, त्याच नंबरवर विचारू नका. खोट्या मेसेजने खातं बदलवून पैसे उचलण्याचा प्रकार इथेच उघडा पडतो.

पैसे परत मागताना

एकूण सापडले 64,900 अधिक 38,500, म्हणजे 1,03,400 रुपये. पण फोनवर "तुम्ही दोनदा पैसे घेतले" असं म्हणू नका. आधी पार्टीकडून त्यांच्या वहीतला आपल्या मिलचा खातेउतारा मागवा. प्रामाणिक पार्टीच्या उताऱ्यात ती रक्कम आपल्या नावे जमा दिसतेच. मग दोन्ही यूटीआर पाठवा आणि परत घ्यायचे की पुढच्या बिलात वळते करायचे ते ठरवा. काम नेहमीचं नसेल तर परतच मागा. एनईएफटी एकदा जमा झाली की समोरच्याच्या संमतीशिवाय बँक ती ओढून आणत नाही.

वहीतही दुरुस्ती करा. बिल दोनदा चढवलं असेल तर खरेदी आणि जीएसटी क्रेडिटही दोनदा चढलेलं असतं. दुसरी खरेदी एंट्री रद्द केली की जास्तीची रक्कम पार्टीच्या खात्यात अॅडव्हान्स म्हणून आपोआप दिसू लागते.

आणि मुनीमजी? दोन्ही चुका कागद दोनदा आल्यामुळे आणि यादीत दोन खाती राहिल्यामुळे झाल्या होत्या. पूर्ण छाननी होईपर्यंत कोणावर बोट ठेवू नये ते यासाठीच.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एकदा बल्कमधून आणि एकदा चेक, यूपीआय किंवा रोखीने दिलेले पैसे या रिपोर्टमध्ये दिसणारच नाहीत. त्यासाठी पार्टीचं लेजरच तपासावं लागतं.

आता घरचा अभ्यास: उद्याची बल्क फाईल बँकेत टाकण्याआधी तिच्या ओळी मागच्या 90 दिवसांच्या रिपोर्टखाली चिकटवा, सूत्रातला 413 हा आकडा वाढवा आणि तिन्ही चाळण्या लावा. गेलेले पैसे मागत बसण्यापेक्षा जाण्याआधी अडवलेले बरे. भेटू पुढच्या व्हिडिओत!