फोन गेला, त्यातली खाती कशी बंद कराल?

अनंत चतुर्दशीला लालबागच्या गर्दीत दरवर्षी फोन जातात, आणि काळाचौकी पोलीस ठाण्यात तक्रारदारांची रांग लागते. रांगेत उभं राहायलाच हवं, पण तिथे पोहोचण्याआधी एक काम उरकायचं असतं. तुमचा जीमेल, व्हॉट्सअॅप आणि बँकेचं अॅप त्या फोनमध्ये अजून उघडं आहे. पोलीस फोन शोधतील, पण ही खाती तुमच्याऐवजी दुसरं कुणी बंद करणार नाही. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. लागतो तो क्रम, आणि तो चुकला तर पुढचं सगळं अडतं.

आधी फोन लॉक करा, मग सिम बंद करा. बहुतेक लोक उलट करतात. सिम बंद होताच फोनचं इंटरनेट जातं, आणि तुम्ही दुरून दिलेला लॉकचा हुकूम तो फोन पुन्हा कुठल्या तरी वायफायला जोडला जाईपर्यंत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सोबतच्या माणसाचा फोन घ्या, ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, android.com/find वर तुमच्या जीमेलने आत जा आणि फोन लॉक करा. आयफोन असेल तर icloud.com/find उघडा, तिथे फोन शोधण्यापुरता दुसऱ्या टप्प्याचा कोड मागत नाहीत. पाच मिनिटांत जमलं नाही तर मात्र हट्ट सोडा आणि सिम बंद करा. चोर तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि मग सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. त्याच कंपनीचं सिम असलेल्या कुणाच्याही फोनवरून 198 लावा.

लगेच बँकेच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मोबाइल बँकिंग व यूपीआय दोन्ही थांबवायला सांगा. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. तो गूगलवर शोधू नका, कारण तिथे खोट्या ग्राहकसेवेचे नंबर पेरलेले असतात. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचा भार बँकेवर असतो. म्हणून ती वेळ तुमच्या कागदावर हवीच. पैसे आधीच गेले असतील तर 1930 लावा.

आता खात्यांमधून बाहेर पडणं. इथे एक गैरसमज महाग पडतो. लोक गूगलचा पासवर्ड बदलतात आणि काम झालं असं समजतात. पण ज्या फोनवर गूगल ‘हे तुम्हीच का?’ असं विचारतं, तो फोन पासवर्ड बदलल्यावरही आत राहू शकतो. हरवलेला फोन नेमका तोच असतो. म्हणून पासवर्ड बदला आणि नंतर myaccount.google.com वर Security मधल्या Your devices मध्ये जाऊन त्या फोनचं नाव निवडा आणि Sign out दाबा. यादीत न ओळखता येणारी यंत्रं दिसली तर त्यांनाही काढा.

गूगलने आत जायलाच दुसरा टप्पा मागितला आणि तोही हरवलेल्या फोनवरच जात असेल, तर दोन वाटा आहेत. आधी काढून ठेवलेले आठ अंकी बॅकअप कोड वापरा, किंवा नवं सिम मिळून एसएमएस सुरू होईपर्यंत थांबा. फोन आज तुमच्या हातात असेल तर हे कोड आजच कागदावर उतरवा आणि घरातल्या कपाटात ठेवा.

व्हॉट्सअॅपचं गणित वेगळं आहे. सिम बंद झालं तरी जुन्या फोनमधलं व्हॉट्सअॅप वायफायवर चालू राहू शकतं. ते हमखास बंद करायचा उपाय म्हणजे त्याच नंबरावर नव्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करणं. तुम्ही आत गेलात की जुना फोन आपोआप बाहेर पडतो. नंतर Linked devices उघडा आणि कुणी संगणक जोडून ठेवला आहे का ते पाहा. असेल तर तोही काढा. नवं सिम मिळायला वेळ असेल तर support@whatsapp.com वर ईमेल करा, मजकुरात +91 सह तुमचा नंबर आणि “Lost/Stolen: Please deactivate my account” हे वाक्य लिहा. खातं निष्क्रिय होतं आणि 30 दिवसांत तुम्ही पुन्हा सुरू केलं नाही तर पुसलं जातं. नवीन फोनवर व्हॉट्सअॅप सहा अंकी पिन मागत असेल आणि तो तुम्ही कधीच ठेवला नसेल, तर दुसऱ्याने ठेवला आहे असं समजा. तो पिन नव्याने ठरवायला सात दिवस थांबावं लागतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी Accounts Centre मध्ये Password and security, त्यात Where you're logged in.

सगळीकडून बाहेर पडलात तरी गॅलरीतले फोटो त्या फोनमध्येच आहेत. ते घालवायचे तर android.com/find वरच्या Find Hub मधून पूर्ण पुसण्याचा हुकूम द्या. तो शेवटी द्या, कारण पुसल्यावर फोन नकाशावर दिसत नाही. आणि वेगळं मेमरी कार्ड असेल तर ते पुसलं जाईलच असं नाही.

मग कागद. परळमध्ये हद्दी गोंधळात टाकतात. केईएम, टाटा रुग्णालय परिसर भोईवाडा पोलीस ठाण्यात येतो, लालबाग काळाचौकीत, लोअर परळ ना. म. जोशी मार्गाकडे. लोकलमध्ये किंवा फलाटावर गेला असेल तर रेल्वे पोलीस. त्यांची हेल्पलाइन 1512. हद्दीवरून परत पाठवू लागले तर शून्य एफआयआर मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती तरतूद आहे, आणि एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट द्यावी लागते. खिशातून फोन काढला गेला असेल तर ‘गहाळ’ नको, ‘चोरी’ म्हणूनच नोंद घ्यायला सांगा. फोनचा विमा असेल तर कंपनी चोरीची नोंद मागते. फोन खरोखरच विसरला असेल तर मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या हरवल्याची नोंद होते.

नव्या सिमसाठी कंपनीच्या दालनात मूळ आधार कार्ड घेऊन स्वतः जा. शुल्क कंपनीगणिक बदलतं, सहसा शंभर रुपयांच्या आत. पावती मागा. या पायरीवर बहुतेकांचं नियोजन फसतं, कारण नवं सिम चालू झालं तरी एसएमएस पहिले चोवीस तास येत नाहीत. ती दूरसंचार नियमांतली सुरक्षा आहे. म्हणजे बँकेचा ओटीपी, गूगलचा कोड, सगळं एक दिवस पुढे जातं. त्या दिवशी घरभाडं किंवा रुग्णालयाचं बिल भरायचं असेल तर एटीएममधून रोख काढून ठेवा. यूपीआय नव्या फोनवर सुरू केल्यावरही पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही. मर्यादा सहसा 5,000 रुपयांची असते.

समजा, फोन शनिवारी रात्री नऊला गेला. साडेनऊपर्यंत लॉक, सिम आणि बँक झालं. रात्रीच एफआयआर. रविवारी दालन उघडं असेल तर दुपारी बाराला सिम चालू झालं आणि सोमवारी बारानंतर ओटीपी येऊ लागले. सोमवारी संध्याकाळी sancharsaathi.gov.in वर फोनच अडवता येतो. हे काम सिमआधी होत नाही, कारण इथेही ओटीपी लागतो. लागतात त्या गोष्टी: तक्रारीची प्रत आणि क्रमांक, ओळखपत्र आणि पंधरा अंकी आयएमईआय. आयएमईआय खोक्यावर किंवा बिलावर असतो. खोकं फेकलं असेल तर Find Hub मध्ये फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेवर तो सापडतो. दोन सिमच्या फोनला दोन क्रमांक असतात, दोन्ही द्या. चोवीस तासांत तो फोन भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालेनासा होतो. मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवा, फोन सापडल्यावर तो सुरू करायला हाच लागतो. पण वायफायवर तो फोन चालतोच, म्हणून आयएमईआय अडवणं हा खात्यांतून बाहेर पडण्याला पर्याय नाही.

या सगळ्यात कुणी ‘आयएमईआयवरून फोन शोधून देतो’ म्हणून पैसे मागेल, तर देऊ नका. हे काम पोलीसच करू शकतात आणि ते फुकट आहे. आयफोन गेला असेल तर काही दिवसांनी अॅपलच्या नावाने मेसेज येईल: फोन सापडला आहे, इथे पासवर्ड द्या. तो चोराच्या गिऱ्हाइकाचा मेसेज असतो. पासवर्ड देऊ नका, आणि कुणी कितीही धमकावलं तरी फोन खात्यातून काढू नका. काढलात की त्याचं कुलूप सुटतं आणि फोन विकता येतो.

फोन विकायचा असेल तर गोष्ट निराळी. विकण्याआधी यूपीआय अॅपमधून नोंदणी रद्द करा, मेमरी कार्ड आणि सिम काढा, मग सेटिंगमधून गूगल खातं हटवा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट. खातं न हटवता रीसेट केलं तर नव्या मालकाचा फोन तुमच्या पासवर्डाशिवाय अडकू शकतो, आणि मग दुकानदार फोन करून तो पासवर्ड मागतो. तो देणं म्हणजे जीमेलची किल्ली देणं. सॅमसंग आणि शाओमीच्या खात्यांचं वेगळं कुलूप असतं, तेही काढा. आयफोनवर iCloud मधून बाहेर पडा. विकून झाल्यावर लक्षात आलं तर दुरून पुसू नका, खरेदीदार अडकेल. त्याला बोलवा आणि तुमच्या देखत खातं हटवा. तो भेटत नसेल तर यादीतून Sign out करा आणि पासवर्ड बदला.

खातंच मिटवायचं असेल, तर अॅप काढून टाकल्याने ते मिटत नाही. प्ले स्टोअरवरच्या अॅपना 2024 पासून वेबवरूनही खातं मिटवायची सोय द्यावी लागते. अॅपच्या पानावर Data safety मध्ये तिचा दुवा असतो, म्हणजे जुना फोन हातात नसला तरी चालतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम 30 दिवस वाट पाहतात, त्या दिवसांत तुम्ही आत गेलात तर मिटवणं रद्द होतं. मिटवण्याआधी तीन गोष्टी तपासा, पैसे इथेच गळतात. वॉलेटमधली शिल्लक बँकेत काढा. यूपीआय ऑटोपे वेगळं रद्द करा. प्ले स्टोअरची वर्गणी play.google.com/store/account/subscriptions वरून बंद करा, अॅप नसलं तरी ती कापली जात राहते. कर्ज देणाऱ्या अॅपचं खातं मिटवलं म्हणून कर्ज मिटत नाही. आधी फेडल्याचा दाखला घ्या.

जुन्या फोनबरोबर नंबरही सोडणार असाल तर सगळ्यांत आधी बँक, आधार आणि व्हॉट्सअॅपमध्ये नवा नंबर घाला. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि तुमचे ओटीपी मग त्याच्याकडे जातील.