शाळेच्या डीव्हीडी तबकड्यांचे संगणकीय जतन

पाथर्डी तालुक्यातील एखाद्या शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनाची जुनी डीव्हीडी असते. घरच्या यंत्रावर लिहिलेल्या अशा तबकडीचा रंगथर कालांतराने फिका पडतो व ती वाचेनाशी होते. म्हणून तिची संगणकीय प्रत वेळीच करावी.

उदाहरणादाखल, १ तास ५० मिनिटांच्या संमेलनाची तबकडी घेऊ. तीत कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी मराठी उपशीर्षके दिलेली आहेत.

प्रथम तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी व तिच्यातील `VIDEO_TS` हा संपूर्ण फोल्डर संगणकात उतरवून घ्यावा. ही मूळ प्रत कधीही पुसू नये. नंतर हँडब्रेक या विनामूल्य कार्यक्रमात तो फोल्डर उघडावा. यादीत अनेक भाग दिसतील. काही सेकंदांचे भाग अनुक्रमणिकेचे असतात. १ तास ५० मिनिटांचा भाग तेवढा निवडावा.

आता गुणवत्ता. भारतातील डीव्हीडीचे चित्र बहुधा ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. ते मोठे केल्याने नवा तपशील मिळत नाही, फक्त फाइल फुगते. म्हणून `Fast 576p25` हा संच निवडावा व `Constant Quality` २० ठेवावी. येथे आकडा जितका लहान, तितकी गुणवत्ता अधिक आणि फाइल मोठी. १८ ते २२ ही मर्यादा पुरेशी आहे.

कॅमेऱ्याचे चित्र पुष्कळदा एकाआड एक ओळींनी घेतलेले असते. त्यामुळे लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या हातांच्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. त्या दिसल्यास `Filters` मध्ये `Deinterlace` पुढे `Decomb` ठेवावे.

उपशीर्षकांविषयी विशेष दक्षता हवी. डीव्हीडीवरील उपशीर्षके ही अक्षरे नसून चित्रे असतात. त्यामुळे ती नंतर सुधारता येत नाहीत. एमपी४ फाइलमध्ये अशी चित्रे स्वतंत्र राहिली, तर पुष्कळ दूरचित्रवाणी संच ती दाखवीत नाहीत. यास्तव दोन प्रती कराव्यात. जतनाची प्रत एमकेव्ही प्रकारात असावी व तीत उपशीर्षकांचा पट्टा वेगळा ठेवावा, म्हणजे तो चालू-बंद करता येतो. वर्गातील प्रत एमपी४ असावी व तीसाठी `Burn In` ही खूण करावी. अशा वेळी मजकूर चित्रातच कायमचा उमटतो व तो पुढे काढता येत नाही.

संपूर्ण काम सुरू करण्यापूर्वी एकच प्रकरण रूपांतरित करून पाहावे. लेझीमचे दृश्य, आवाजाचा मेळ आणि उपशीर्षकांची जागा तपासावी. आवाज मागेपुढे वाटल्यास किंवा चित्र मध्येच गोठल्यास दोष बहुधा तबकडी वाचण्यात असतो. ती पुन्हा पुसून, शक्य तर दुसऱ्या संगणकावर, फोल्डर नव्याने उतरवून घ्यावा.

बाजारातून आणलेल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर बहुधा कुलूप असते. हँडब्रेक ते उघडीत नाही. ही कृती शाळेच्या स्वतःच्या तबकड्यांपुरतीच समजावी.