बूट वरून नवा, तळातून संपलेला

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आमच्या सेनगावात पायाच्या जखमा घेऊन येणाऱ्यांची रांग वाढते. कुणाला धसकट लागलेलं असतं, कुणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला असतो. मी आधी जखम पाहतो आणि लगेच पायातलं काढून उलटं करायला सांगतो. बहुतेक वेळा अर्धं निदान तिथेच होतं. तळ गुळगुळीत झालेला असतो आणि टाच एका बाजूने कागदासारखी पातळ झालेली असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "वरून तर धड आहे की, फेकायचं कशाला?"

हा समज मला मोडायचा आहे. बूट किंवा चप्पल वापरण्याजोगी आहे की नाही, हे वरच्या भागावरून कळत नाही. पायाला सांभाळतो तो तळ, आणि तोच आधी संपतो. वरचं कापड किंवा रेक्झिन त्यानंतरही दोन वर्षं चकचकीत राहू शकतं.

मधुमेह असलेल्या एका काकांना त्यांच्या मुलाने पुण्याहून स्वतःचे जुने स्पोर्ट बूट पाठवले होते. काका कौतुकाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कंपनीचा बूट हाय, नवाच दिसतो." मी आत हात घातला. अंगठ्याच्या मुळाखाली मुलाच्या पायाचा खोल खड्डा पडला होता आणि बाहेरच्या बाजूने टाच उतरली होती. काकांचा पाय त्या खड्ड्याच्या कडेवर घासत होता. संवेदना कमी झालेली, त्यामुळे फोड आला तो कळला नाही, फुटला तोही कळला नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा घरच्यांनी हळद भरली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा लावला. बिब्ब्याने कातडी भाजते. चवलीएवढी जखम तळहाताएवढी होऊन माझ्यासमोर आली. पाय वाचला, पण ड्रेसिंगमध्ये महिने गेले. मुलाने प्रेमानेच बूट पाठवले होते. पाठवण्याआधी ते उलटे करून पाहायचे, एवढंच राहिलं होतं.

म्हणून ही तपासणी शिकून घ्या. जोड सपाट फरशीवर ठेवा आणि मागून पाहा. टाच एका बाजूला कलली असेल तर तो जोड घालणाऱ्याचा घोटा आणि गुडघाही तसाच कलणार. मग तळ पाहा. नक्षी पुसून बाहेरच्या रबराखालचा मऊ फोम दिसू लागला असेल, तर काटा आणि पाय यांच्यामध्ये काही उरलेलं नाही. पुढे बूट दोन्ही हातांनी वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, मधोमध दुमडला तर त्याचा कणा गेला. शेवटी आत हात घालून सगळीकडे बोटं फिरवा आणि टाचेखालचा फोम अंगठ्याने दाबा. दाबलेली जागा परत वर आली नाही, तर तो धक्का झेलणार नाही.

पेटीत वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या लग्नातल्या बुटांनाही हीच तपासणी लावा. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजतो आणि एकदा घातला की भुगा होऊन गळतो.

तपासणी झाली की जोडाचं काय करायचं ते आपोआप ठरतं. पट्टा तुटला, शिवण उसवली, टाचेचा रबर झिजला किंवा तळ एका कडेने सुटला, तर जोड चांभारदादांकडे न्या. हे काम त्यांच्या हातचं आहे आणि त्यावर जोड पुढे बरेच महिने चालतो. मोबाईलवरचा व्हिडिओ पाहून घरी इन्स्टंट गोंद ओतू नका. तो वाळला की काचेसारखा कडक होतो, त्याची कड आत टोचते आणि तळ वाकला की पुन्हा सुटतो. मधुमेह्याच्या चपलेला खिळे ठोकू देऊ नका, शिवण आणि चिकटवणंच सांगा. दुरुस्तीनंतर आतून हात फिरवल्याशिवाय पाय घालू नका. मात्र दबलेला फोम, भुगा होणारा तळ आणि वाकण्याच्या जागी आरपार चिरलेला वरचा भाग यांना दुरुस्ती नाही. त्यावर पैसे घालवू नका.

चारही कसोट्यांवर उतरलेला, पण लहान झालेला किंवा नकोसा जोड जरूर द्या. आतली गादी काढून धुवा, बूट कोरडा करा, दोन-तीन कडक उन्हं दाखवा, दोन्ही बूट एकमेकांना बांधा आणि माप लिहा. पायाच्या बोटांत चिखल्या किंवा नायटा असलेल्या माणसाचा जोड देऊ नका, बुरशी आत टिकून राहते. आषाढीसाठी पंढरपूरला निघालेली शेगावची पालखी आपल्या सेनगावावरून नर्सीला जाते, तेव्हा वाटेत चपला वाटण्याची इच्छा अनेकांना होते. भावना चांगली आहे, पण पंढरपूर तिथून पुष्कळ लांब आहे. चालणाऱ्याला नवी साधी चप्पल द्या, नाहीतर चांभारदादांना बसवून दुरुस्तीची सेवा द्या. झिजलेला बूट देऊ नका. धाकट्या भावंडालाही थोरल्याचा बूट देण्याआधी टाच पाहा, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे ना ते उभं करून पाहा.

जे दुरुस्तही होत नाही आणि देताही येत नाही, त्याचा प्रश्न खरा अवघड आहे. एका बुटात रबर, फोम, कापड, चामडं आणि गोंद असे एकजीव झालेले असतात की ते वेगळे करणं महागात पडतं. मुंबईत श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी सुरू केलेली ग्रीनसोल ही संस्था जुने बूट घेऊन त्यांच्यापासून चपला बनवते आणि त्या गरजू मुलांना देते. सेनगावातून एकच जोड पाठवणं परवडणार नाही. शाळेने किंवा मंडळाने पोतंभर गोळा करून, आधी चौकशी करून पाठवावेत. तेही जमत नसेल तर पट्टे कापून जोड कचरागाडीत द्या, म्हणजे तो उचलून पुन्हा कुणी पायात घालणार नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. चूल किंवा थंडीतली शेकोटी पेटवायला जुनी चप्पल जाळू नका. पीव्हीसी जळताना निघणारा वायू घशाला आणि फुप्फुसाला जाळतो. दमेकऱ्याला त्या धुराने त्याच रात्री धाप लागू शकते.

आता मधुमेह्यांसाठी. घरच्या कुणाला तरी सांगा, तुम्ही डोळे मिटा, आणि त्यांनी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना हलकेच बोट लावावं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तुमची संवेदना कमी झालेली आहे. मग तुम्ही कुणाचाही जुना जोड घालायचा नाही, अगदी मुलाचाही. एमसीआर रबराची मऊ चप्पल घ्या. घाबरू नका, संवेदना कमी झालेला पायही नीट सांभाळला तर आयुष्यभर चालतो.

घट्ट्यात काळा ठिपका, एकच पाय गरम किंवा सुजलेला, न दुखणारी जखम, मोज्याला डाग किंवा वास, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात या. हळद, बिब्बा, मेडिकलमधली न विचारता घेतलेली गोळी, काही नको. आणि येताना तो जोड पिशवीत घालून आणा, मला तोही तपासायचा आहे.