हस्तलिखित नियमांची सुटसुटीत सूचना

प्रश्न : आमच्या वसतिगृहाच्या नियमांचा हाताने लिहिलेला कागद मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. त्यावरून क्रमांकवार सूचना कशी तयार करावी?

उत्तर : आधी फोटो मोठा करून मजकूर जसाच्या तसा उतरवा. भाषा सुधारण्याचे काम नंतर. अक्षर न लागल्यास त्या जागी ‘अस्पष्ट’ लिहा, अंदाजाने शब्द भरू नका. हस्ताक्षरात १ आणि ९ सहज एकसारखे दिसतात, म्हणून प्रत्येक वेळ रेक्टरांकडून तपासून घ्या.

मग एका मुद्द्यात एकच नियम ठेवा. समजा, कागदावर असे आहे : ‘गेट रात्री ९ला बंद होईल उशीर होणार असल्यास रेक्टरला सांगावे व पाहुणे फक्त रविवारी खोलीत नेऊ नये.’ त्याचे असे मुद्दे होतील :

१. गेट रात्री ९ वाजता बंद होईल.
२. उशीर होणार असल्यास रेक्टरांना कळवावे.
३. पाहुण्यांनी फक्त रविवारी यावे.
४. पाहुण्यांना खोलीत नेऊ नये.

मूळ वाक्यात ‘रविवारी’नंतर विराम नाही. त्यामुळे खोलीत नेण्याची मनाई फक्त रविवारपुरती आहे, असाही अर्थ निघतो. तिसरा व चौथा मुद्दा रेक्टरांनी मान्य केल्यावरच कायम करा. उशिराची सूचना किती आधी द्यायची, हे कागदावर नसेल तर स्वतःहून घालू नका. खोडलेल्या आणि समासात नंतर लिहिलेल्या ओळींबद्दलही विचारा.

शेवटी मूळ कागदावरील प्रत्येक नियमापुढे नव्या मुद्द्याचा क्रमांक लिहा. क्रमांक न मिळालेला नियम सुटला आहे, हे लगेच कळेल.