उद्घाटन लांबलं तरी जेवण वेळेवर

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात एक दिवसाचं चर्चासत्र आहे. २४ शोधनिबंध, ३ वर्ग, वेळ १० ते ५. दरवर्षी जेवायला अडीच वाजतात. आखणी कशी करावी?

उत्तर : उशीर बहुधा सकाळीच होतो. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांचं मनोगत यांत अर्धा तास सहज जातो. म्हणून राखीव वेळ दिवसाच्या शेवटी ठेवू नका, उद्घाटनाला लागूनच ठेवा. १० ते ११.१५ उद्घाटन आणि बीजभाषण, मग चहाला ११.४५ पर्यंत वेळ छापा. चहा पंधरा मिनिटांत उरकतो. उरलेली पंधरा मिनिटं उशीर पोटात घेतात.

प्रत्येक वर्गात ८ निबंध येतील, चार जेवणाआधी, चार नंतर. एका निबंधाला २० मिनिटं द्या: बारा वाचनाला, पाच प्रश्नांना, तीन श्रोत्यांना वर्ग बदलायला. चार निबंधांची ८० मिनिटं होतात, पण सत्र ९० मिनिटांचं धरा. म्हणजे ११.४५ ते १.१५, मग तासभर जेवण, आणि २.१५ ते ३.४५. चहानंतर ४.०५ ला समारोप.

तिन्ही वर्गांत निबंध एकाच ठोक्याला सुरू झाले पाहिजेत. एखादा वक्ता आला नाही, तर पुढच्याला आधी उभं करू नका. शेजारच्या वर्गातून त्यालाच ऐकायला येणाऱ्यांचा निबंध हुकतो, आणि त्या वक्त्यावर तो मोठा अन्याय आहे. ती वीस मिनिटं चर्चेला द्या. हे सत्राध्यक्षांना आदल्या दिवशीच सांगा, कारण ऐनवेळी वेळ वाचवायचा मोह त्यांनाच होतो.