सकाळची पावडर दुपारपर्यंत कुठे जाते? प्रायमर, कॉम्पॅक्ट आणि सेटिंग स्प्रेमागचं विज्ञान

जुलैमध्ये ब्राउनश्वाइगला ३० अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता असा एखादा दिवस येतो. ट्राम गच्च भरलेली असते, ऑफिसात एसी नसतो आणि घरी परतायला संध्याकाळचे सहा वाजतात. तुमची त्वचा तेलकट असेल, तर अकरा वाजताच कपाळ आणि नाक चमकायला लागतं. आपण पुन्हा पावडर लावतो, तासाभराने आणखी एकदा. दुपारपर्यंत त्या पावडरीचे पापुद्रे झालेले असतात. यात नेमकं काय बिघडतं, हे समजून घेऊ.

घाम की तेल?

जर्मनीत अशा हवेला ‘श्व्यूल’ म्हणतात. हवेतल्या बाष्पाचा दाब १८.८ हेक्टोपास्कलच्या वर गेला, की हवा श्व्यूल झाली असं इथले हवामानतज्ज्ञ मानतात. वरच्या उदाहरणात हा दाब साधारण २३ येतो. मुंबईच्या पावसाळ्यात ३० अंशांना ८२ टक्के आर्द्रता असेल, तर तो ३५ च्या आसपास जातो. म्हणजे इथला घाम मुंबईपेक्षा लवकर वाळतो. पण दमट हवेमुळे अडतं ते घामाचं बाष्पीभवन. तेलाचं, म्हणजे सीबमचं, बाष्पीभवन मुळात होतच नाही. सीबम वाढतं ते त्वचेच्या तापमानामुळे. त्वचा एका अंशाने तापली, की ते सुमारे १० टक्के जास्त पाझरतं, असं १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं होतं.

चमक कशाची आहे हे ओळखणं सोपं आहे. पातळ टिश्यू कपाळावर दहा सेकंद दाबून धरा आणि मग उजेडासमोर पाहा. डाग काही मिनिटांत वाळून गेला तर तो घाम. पारदर्शक डाग तसाच राहिला तर ते तेल. भजी ठेवलेल्या कागदावर दिसतो तसाच हा डाग. कोलोनच्या एका कंपनीचं ‘सेबुमीटर’ नावाचं उपकरण याच तत्त्वावर चालतं. धुरकट पट्टी त्वचेवर दाबायची आणि तेल लागून ती किती पारदर्शक झाली हे प्रकाशाने मोजायचं.

पावडर दिसेनाशी का होते?

पावडरीच्या कणांमध्ये हवा असते. हवा आणि टाल्क यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक आहे: हवेचा १, टाल्कचा १.५५ च्या आसपास. त्यामुळे प्रकाश प्रत्येक कणावर विखुरतो आणि चेहरा मॅट दिसतो. सीबमचा अपवर्तनांक १.४७ च्या जवळपास असतो. ते कणांमधल्या फटींत भरलं, की फरक जवळजवळ मिटतो आणि विखुरणं थांबतं. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते, तेच इथे घडतं. म्हणून दुपारी चेहरा चमकतो, शिवाय फाउंडेशनचा रंगही सकाळपेक्षा गडद वाटतो. पावडर कुठे गेलेली नसते, ती फक्त तेलाने भरलेली असते.

ती किती वेळात भरते, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. तेलकट त्वचेवर तीन तासांत दर १० चौरस सेंटिमीटरला साधारण २ मिलिग्रॅम तेल येतं. कपाळ, नाक आणि हनुवटी मिळून १०० चौरस सेंटिमीटर धरले, तर तीन तासांत २० मिलिग्रॅम झालं. समजा, तुम्ही या भागावर ५० मिलिग्रॅम पावडर लावली आणि तिने वजनाच्या निम्मं तेल शोषलं. म्हणजे तिची क्षमता २५ मिलिग्रॅमची. साडेसातला लावलेली पावडर सव्वाअकराला भरते. त्वचा दोन अंशांनी जास्त तापली असेल, तर पावणेअकराच्या आधीच. तुमचा आकडा काढायचा असेल, तर कॉम्पॅक्ट किती दिवस पुरतं ते पाहा. रोज ५० मिलिग्रॅम लागत असेल, तर १० ग्रॅमचा डबा २०० दिवस चालेल.

भरलेल्या पावडरीवर नवी पावडर टाकली, की ती वरचं तेल ओढून घेते आणि लगद्यासारखी गोळा होते. पापुद्रे होतात ते असे. म्हणून आधी तेल टिपून काढायचं, नंतरच पावडर लावायची.

प्रायमर आणि स्प्रे काय करतात?

प्रायमर ग्रंथींना थांबवत नाही. त्यातलं जाळीदार सिलिकोन छिद्रं आणि बारीक खळगे भरून पृष्ठभाग सपाट करतं आणि थोडं तेल स्वतःत धरून ठेवतं. बऱ्याच प्रायमरमध्ये हे सिलिकोन सायक्लोपेंटासिलॉक्सेन नावाच्या द्रवात पसरवलेलं असतं. तो द्रव नंतर उडून जातो. तो उडायच्या आत पावडर लावली, तर ती ओल्या थरात रुतते आणि डाग पडतात. तीन मिनिटं थांबायचं ते यासाठी. हा द्रव पर्यावरणात दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे युरोपीय संघात ६ जून २०२७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतही तो ०.१ टक्के किंवा त्याहून जास्त असलेली उत्पादनं बाजारात आणता येणार नाहीत. तुमच्या नेहमीच्या प्रायमरचा पोत एकदम बदललेला वाटला, तर घटकांच्या यादीत हे नाव अजून आहे का ते पाहा.

सेटिंग स्प्रे तेल शोषत नाही. अल्कोहोल आणि पाणी उडालं, की मागे पॉलिमरची पातळ फिल्म उरते आणि ती पावडरीचे कण धरून ठेवते. हा पॉलिमर नुसता ‘पीव्हीपी’ असेल, तर तो हवेतली ओल ओढून दमट दिवशी चिकट होऊ शकतो. ‘व्हीपी/व्हीए कोपॉलिमर’ किंवा ‘ॲक्रिलेट्स कोपॉलिमर’ तुलनेने कमी ओल घेतात. यादीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन असेल आणि पॉलिमरचं नावच नसेल, तर ती बाटली ओलावा देणारी आहे. तेलकट त्वचेवर तिने चमक वाढेल.

दहा तासांचा दिवस

सकाळी सनस्क्रीन लावून दहा मिनिटं वाळू द्या. वाटाण्याएवढं प्रायमर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर लावा, गालांना त्याची गरज नसते. ते चोळल्यावर रबराच्या भुग्यासारखे कण निघाले, तर खालचं सनस्क्रीन अजून ओलं आहे. तीन मिनिटांनी पावडर पफने दाबून बसवा, घासू नका. मग २० ते २५ सेंटिमीटरवरून स्प्रेचे दोन-तीन फवारे मारा आणि मिनिटभर चेहऱ्याला हात लावू नका.

अकरा वाजता, आणि पुन्हा साधारण तीनला, टिश्यू दाबून तेल टिपा. डाग घामाचा असेल, तर तो वाळेपर्यंत थांबा, कारण ओल्या त्वचेवर पावडरीचे ठिपके पडतात. त्यानंतर सकाळच्या निम्मी पावडर पुरते. स्प्रे पुन्हा मारायची गरज नाही. जुनी फिल्म तेलाने सैल झालेली असते आणि तिच्यावर नवा थर धरत नाही.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. नितळ घाम गळत असेल, तर फिल्म खालून उचलली जाते आणि तिथे कोणताही स्प्रे टिकत नाही. आणि ब्राउनश्वाइगमधल्या आपल्या बऱ्याच मंडळींप्रमाणे तुम्ही प्रयोगशाळेत काम करत असाल, तर क्लीनरूममध्ये जाण्याच्या दिवशी यातलं काहीच लावू नका. चेहऱ्यावरून झडणारे पावडरीचे कण तिथल्या नमुन्यांवर बसतात, म्हणून तिथे मेकअपला सहसा बंदीच असते.