गरम पाण्याच्या पाइपला क्लॅम्प किती अंतरावर?

प्रश्न : सोलर हीटरची जुनी जीआय लाइन काढून एक इंची सीपीव्हीसी टाकली. प्लंबरने ती जुन्याच क्लॅम्पवर बसवली. आता पाइपला झोळ पडतोय. क्लॅम्प घट्ट करावेत का?

उत्तर : घट्ट करू नका, वाढवा. लोखंडी पाइप आडवा आठ फूट सहज ताठ राहतो. सीपीव्हीसी तापली की नरमते, म्हणून तिला आडव्या लाइनमध्ये दर तीन फुटांवर आधार हवा. पाणी कढत असेल तर अडीच फुटांवर. इतक्या क्लॅम्पनी पाइप जखडला जाईल, ही शंका रास्तच आहे, कारण दहा मीटरची लाइन ४० अंशांनी तापली की सुमारे २५ मिलिमीटर लांबते. पण दोष क्लॅम्पच्या संख्येचा नाही, आवळण्याचा आहे. क्लॅम्पमध्ये पाइप हाताने पुढेमागे सरकला पाहिजे. वळणाला अगदी खेटून क्लॅम्प मारू नका, नाहीतर ताण एल्बोच्या सांध्यावर येतो आणि गळती तिथूनच सुरू होते. उभ्या लाइनला झोळ पडत नाही, फक्त वजन खाली उतरतं. तिथे दर मजल्याला एक आधार आणि मधे एक सैल क्लॅम्प पुरतो. थंड झाल्यावरही जो तुकडा वाकलेलाच राहतो, तो मात्र बदलून टाका.